ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली, तर

प्रश्न: आईचं वय 67. घरात पाय घसरून उजवा खुबा मोडला. मिरजेत ऑपरेशन करून बॉल बसवला, त्याला आज 17 दिवस झाले. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते. परवापासून डावी पोटरी सुजली आहे, दाबलं की दुखते. ऑपरेशन उजव्या पायाचं आणि सूज डाव्या पायाला, म्हणून आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. शेजारच्या काकू म्हणतात वात आलाय, तेल लावून चोळा. रविवारी भाऊ तिला गाडीतून पुण्याला नेणार आहे. न्यावं का? (विटा, जि. सांगली)

उत्तर:

नेऊ नका. आईच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय आहे. चोळणं आत्ताच थांबवा आणि आजच्या आज आईच्या दोन्ही पायांच्या शिरांचा डॉप्लर करून घ्या. विट्यात जिथे सोनोग्राफी होते तिथे फोन करून विचारा, पायाच्या शिरांचा डॉप्लर करतात का. करत नसतील तर सरळ सांगली किंवा मिरज गाठा. शनिवार संध्याकाळ आहे, सोमवारी बघू, असं या बाबतीत चालत नाही. डॉप्लर लगेच होणार नसेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना फोन करा आणि सूज नेमकी कुठे आहे ते सांगा. तपासणी काही तासांत होण्यासारखी नसेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा पहिला डोस आधी देऊन मग तपासणी करणं हीच रीत आहे. तो निर्णय मात्र त्यांनी किंवा आईला तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा, घरच्यांनी नाही.

ज्या गोष्टीमुळे तुम्ही निर्धास्त राहिलात, तिनेच मला जास्त काळजी वाटते. ऑपरेशन झालेला पाय काही आठवडे सुजतोच. जखम असते, आत रक्त साकळलेलं असतं, त्यामुळे त्या पायाची सूज बघून एकदम काही ठरवता येत नाही. पण ज्या पायाला कोणी हात लावलेला नाही तो अचानक सुजला, तर त्याला दुसरं सोपं कारण सापडत नाही.

गुठळी होते ती सगळ्या शरीराच्या परिस्थितीमुळे. हाड मोडलं आणि मोठं ऑपरेशन झालं की रक्त गोठवणारी यंत्रणा पुढे कित्येक आठवडे जास्त जागी राहते, कारण जखम भरून काढायची असते. त्यात माणूस पडून. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात, नदीवरची मोटर पाणी उचलून वरच्या रानात टाकते तसं. मोटर बंद पडली की पाणी खालीच तुंबतं. पोटरीच्या आतल्या खोल शिरांमध्ये रक्त वर जाऊ देणाऱ्या आणि खाली येऊ न देणाऱ्या छोट्या झडपा असतात. त्या झडपांच्या मागे रक्त रेंगाळतं आणि तिथेच गुठळीची सुरुवात होते. डाव्या पायात हे थोडं जास्त वेळा दिसतं, कारण कमरेच्या खोलगट भागात उजव्या पायाला जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि तिला मणक्यावर दाबते.

डॉप्लरला निघण्याआधी पाच मिनिटं काढून एक गोष्ट करा. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीवर हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तिथून 10 सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि तिथला घेर मोजा. दुसऱ्या पायावरही अगदी तेवढ्याच उंचीवर मोजा. दोन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहा. फरक 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर गुठळीचा संशय बळावतो. तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. उजवा पाय ऑपरेशनमुळे आधीच थोडा सुजलेला असणार, त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा कमी दिसेल. म्हणून फरक दीडच सेंटिमीटर निघाला तरी तपासणी टाळू नका. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा, खड्डा पडून तसाच राहतो का. हेही डॉक्टरांना सांगा. पाऊल वर खेचून पोटरीत कळ येते का हे बघायची जुनी पद्धत आहे. तिच्यावर मी विसंबत नाही, ती दोन्ही बाजूंनी फसवते.

रक्ताच्या तपासणीत डी-डायमर नावाची एक चाचणी असते आणि पुष्कळ ठिकाणी तीच आधी लिहून दिली जाते. ज्याच्यात गुठळीची शक्यता मुळातच कमी आहे, अशा माणसात ती नॉर्मल आली तर गुठळी नाही असं धरता येतं. एवढाच तिचा उपयोग. ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर, गरोदरपणात, जंतुसंसर्गात ती गुठळी नसतानाही वाढलेली असते. तुमच्या आईची ती वाढलेलीच येणार, त्यातून काही कळणार नाही. आणि चुकून नॉर्मल आली तरी एवढ्या संशयात मी डॉप्लर सोडणार नाही. तिच्या रिपोर्टची वाट बघण्यात वेळ घालवू नका.

डॉप्लरमध्ये दुखण्यासारखं काही नाही. जेल लावून जांघेपासून खाली घोट्यापर्यंत यंत्र फिरवतात आणि दर थोड्या अंतरावर हलकेच दाबतात. निरोगी शीर दाबली की पडद्यावर चपटी होऊन दिसेनाशी होते, शेजारची धमनी मात्र गोल राहून ठोके देत असते. शिरेत गुठळी असेल तर दाबूनही ती चपटी होत नाही. सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे. तिथे गेल्यावर दोन विनंत्या करा: दोन्ही पाय बघा, आणि फक्त मांडीवर न थांबता पोटरीच्या शिराही बघा. गुठळी गुडघ्यामागच्या शिरेत किंवा त्याच्या वर असेल तर ती फुफ्फुसात जाण्याचा धोका जास्त. फक्त पोटरीत असेल तर धोका कमी, पण ती वर सरकू शकते, आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसात आम्ही बहुधा उपचारच करतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि सूज तशीच राहिली, तर साधारण आठवड्याने डॉप्लर पुन्हा करावा लागतो. पहिल्या वेळी न दिसलेली पोटरीतली छोटी गुठळी तोवर वर आलेली असू शकते.

पोटरी सुजायला इतरही कारणं असतात. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटते, कातडीला जंतुसंसर्ग होऊन पाय लाल आणि गरम होतो, स्नायू फाटून आत रक्त साकळतं. घरी बसून यातलं काय आहे ते ओळखता येत नाही, आणि ओळखायची गरजही नाही. गुठळी नाही हे आधी ठरू दे, मग बाकीचं.

आता छातीकडे येते, कारण पायाची सूज जीव घेत नाही. गुठळीचा तुकडा सुटला की तो जांघेतून, पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतो आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. लोकांना वाटतं, असं झालं की माणूस छातीवर हात ठेवून एकदम कोसळतो. तसंही होतं. पण पुष्कळदा मोठ्या तुकड्याच्या आधी छोटे तुकडे गेलेले असतात, आणि त्या दिवसांत घरचे म्हणत असतात, ‘ऑपरेशन झालंय, अशक्तपणा असणारच.’

तासगाव भागातले पन्नाशीचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले होते. मोटरसायकलवरून पडून नडगीचं हाड मोडलेलं, मांडीपर्यंत प्लास्टर, चार आठवडे झालेले. आधी त्यांना प्लास्टर घट्ट वाटायला लागलं. मग तीन दिवस संडासला जाऊन आलं की धाप लागायची, पाच मिनिटं बसलं की बरं वाटायचं. गावाजवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं गेलं. चौथ्या दिवशी सकाळी उठून उभे राहताना त्यांना चक्कर आली आणि काही क्षण शुद्ध गेली. माझ्यासमोर आले तेव्हा नाडी 118, श्वास मिनिटाला 26, बोटावरच्या ऑक्सिमीटरला 91, रक्तदाब 110. छाती तपासली तर दोन्ही बाजूंना श्वास स्वच्छ, कुठे घरघर नाही. छातीचा एक्सरे साफ. घाबरायला लावणारी गोष्ट हीच असते. दमा असेल तर छातीत शिट्ट्या वाजतात, न्यूमोनिया असेल तर एक्सरेवर डाग दिसतो. माणसाला धाप आहे, नाडी पळते आहे आणि छाती मात्र स्वच्छ, अशा वेळी फुफ्फुसातल्या गुठळीचा विचार आधी करायचा.

त्यांच्या इसीजीत हृदयाचे ठोके भराभर पडत होते, एवढंच दिसलं. टूडी एकोत हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसली, कारण पुढचा रस्ता अडलेला असताना ती जोर लावत होती. शिरेतून डाय देऊन छातीचा सीटी केला, त्याला सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी म्हणतात. दोन्ही फुफ्फुसांच्या धमन्यांत गुठळ्या होत्या. वजन 60 किलो होतं, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनचं 60 मिलिग्रॅमचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली दर बारा तासांनी सुरू केलं आणि आयसीयूत ठेवलं. रक्तदाब टिकून होता, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. ते आम्ही रक्तदाब 90 च्या खाली जाऊन तसाच राहिला तर देतो, कारण त्याने मेंदूत किंवा जखमेत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. चार-पाच दिवसांत नाडी खाली आली, पुढे गोळ्यांवर घरी गेले.

त्यांची गोष्ट एवढी सविस्तर सांगितली ती तुमच्या आईसाठी. मोठ्या ऑपरेशनला तीन आठवडे झालेले नसताना ते विरघळवायचं इंजेक्शन द्यायला आम्ही फार कचरतो. म्हणजे आईच्या फुफ्फुसात मोठी गुठळी गेली, तर आमच्या हातातलं एक मोठं हत्यार जवळजवळ निकामी असेल. गुठळी पायात आहे तोवरच तिला गाठायचं आहे.

म्हणून आईला आज सरळ विचारा: बाथरूमला जाऊन आल्यावर धाप लागते का? खोल श्वास घेताना बरगडीत एका बाजूला सुरी खुपसल्यासारखं दुखतं का? उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? खोकल्यातून रक्ताची रेघ आली का? शांत पडलेली असताना नाडी मोजा. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात असेल तर लावा, पण आकडा 97 आला म्हणून निर्धास्त होऊ नका, छोट्या गुठळीत तो नॉर्मल राहू शकतो. यातलं एक जरी ‘हो’ असेल किंवा शांत असताना नाडी 100 च्या वर असेल, तर डॉप्लरच्या रांगेत बसू नका. 108 ला फोन करा आणि जिथे सीटी आणि आयसीयू दोन्ही आहे तिथे न्या, सांगली-मिरजेत तशी सोय आहे. रुग्णालयात पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हे बोला: ‘17 दिवसांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय, पोटरी सुजली आहे, आता धाप लागते.’ केसपेपरवर नुसतं ‘दम लागतो’ लिहिलं गेलं तर गाडी दम्याच्या दिशेने जाते.

डॉप्लरमध्ये गुठळी निघाली आणि छातीचा काही त्रास नसेल, तर बहुतेकांना दवाखान्यात फार दिवस राहावं लागत नाही. आधी हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन बघतात, कारण मूत्रपिंड मंद असेल तर औषध आणि डोस दोन्ही बदलतात. मग रक्त पातळ करणारं इंजेक्शन किंवा थेट गोळ्या. रिव्हरॉक्साबॅन असेल तर पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर 20 मिलिग्रॅम एकदा. अपिक्साबॅन असेल तर पहिले सात दिवस 10 मिलिग्रॅम दोनदा, नंतर 5 मिलिग्रॅम दोनदा. हे आकडे डॉक्टरांचा कागद नीट कळावा म्हणून दिले आहेत, मेडिकलमधून आपल्या मनाने औषध आणण्यासाठी नाहीत. सर्वांत जास्त घोटाळा डोस बदलण्याच्या दिवशी होतो: कोणी तीन आठवड्यांनी पाकीट संपलं म्हणून औषधच बंद करतात, कोणी जुनाच डोस चालू ठेवतात. कॅलेंडरवर त्या तारखेला आजच गोल करा. रिव्हरॉक्साबॅनची 15 आणि 20 ची गोळी भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर ती अंगात नीट शोषली जात नाही. आई एकादशी धरत असेल तर भगर किंवा साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन मग गोळी. नुसत्या चहावर घेऊ नये.

या गोळ्या चालू असताना अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं घेऊ नयेत आणि कमरेवर सुई टोचून घेऊ नये. आपल्याकडे गुडघा दुखला की सुई मारून घ्यायची सवय आहे, आणि रक्त पातळ असताना त्या एका सुईने कुल्ल्यात मुठीएवढं रक्त साकळलेलं मी पाहिलं आहे. दुखलं तर पॅरासिटामॉल. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा डोक्याला मार लागला, तर वाट न बघता दवाखाना. चालण्याची मात्र भीती बाळगू नका. औषध सुरू झालं की आईला पूर्वीसारखंच वॉकरवर चालवायचं. पलंगावर जखडून ठेवल्याने फायदा होत नाही, स्नायू मात्र जातात. चोळणं, शेकणं, हळदीचा गरम लेप बांधणं हे सगळं बंद.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती डिस्चार्ज कार्डावर शोधा: गुठळी होऊ नये म्हणून एखादं इंजेक्शन किंवा गोळी दिली होती का, आणि किती दिवस? खुब्याच्या ऑपरेशननंतर असं औषध कमीत कमी 10 ते 14 दिवस आणि शक्यतो 35 दिवसांपर्यंत द्यायचं असतं. दहा दिवसांची पट्टी संपली आणि पुढची आणायची राहिली, असं वारंवार घडतं. तसं झालं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषध चालू असताना गुठळी झाली की बंद पडल्यावर झाली, यावरून पुढचे निर्णय बदलतात.

पुण्याचं म्हणाल तर, विट्याहून गाडीने चार तासांच्या वरचाच प्रवास. निरोगी माणसाला एवढ्या प्रवासाचा धोका फारच थोडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या विमानप्रवासानंतर साधारण सहा हजारांत एकाला गुठळी झाल्याचं दिसलं, आणि बस, रेल्वे, मोटार सगळीकडे कारण तेच, तासन्‌तास पाय लटकवून बसणं. पण खुब्याचं ऑपरेशन आणि प्रवास हे दोन धोके एकमेकांवर चढतात. डॉप्लर नॉर्मल आला तरी ऑपरेशनला सहा आठवडे होईपर्यंत मी आईला एवढं लांब पाठवणार नाही. भावालाच विट्याला बोलवा. पुढे न्याल तेव्हा पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिथे बसवा, कराडला आणि साताऱ्याला थांबून पाच-दहा मिनिटं चालवा, आणि मधल्या वेळात पाऊल वर-खाली करत राहायला सांगा. लघवीला उतरायला नको म्हणून बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. आईला तसं करू देऊ नका.

घरात सून किंवा मुलगी असेल तर जाता जाता एवढं लक्षात असू द्या. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने जोखमीचे असतात, तेव्हा एक पाय सुजला तर तोच डॉप्लर त्याच दिवशी करायचा. सणासुदीला किंवा वारीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून सर्रास आणल्या जातात. ज्यांना आधी कधी गुठळी झाली आहे, पायाला प्लास्टर आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालं आहे, त्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ऑपरेशनसारखं ठळक कारण असलेल्या गुठळीला औषध साधारण तीन महिने लागतं. ते संपताना फिजिशियनना भेटूनच बंद करायचं, पट्टी संपली म्हणून नाही. पायाची सूज आणि जडपणा काही जणांना पुढेही राहतो. त्यासाठी दिवसातून थोडा वेळ पाय उशीवर घेणं आणि डॉक्टरांनी मापं घेऊन दिलेले दाबाचे मोजे उपयोगी पडतात. फुफ्फुसात गुठळी झाली असेल आणि तीन महिन्यांनीही जिना चढताना धाप तशीच राहिली, तर टूडी एको पुन्हा करून घ्या. थोड्या जणांत गुठळी पूर्ण विरघळत नाही आणि फुफ्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला राहतो. त्यावर वेगळे उपचार आहेत.